अध्ययन शैली, ग्रोथ माइंडसेट आणि माझी जुनी वही

माझी भाची सध्या बी.एड. करते आहे. मागच्या महिन्यात तिनं शैक्षणिक मानसशास्त्राचा एक निबंध माझ्याकडे वाचायला पाठवला. "खाला, तुम्ही वीस वर्षं शिकवताय, एकदा नजर टाका. गुरुवारी जमा करायचाय." निबंध नीटनेटका होता. शेवटचं वाक्य असं होतं : शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याची अध्ययन शैली ओळखून त्यानुसार अध्यापन करावे आणि वर्गात ग्रोथ माइंडसेट रुजवावा.

वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. हाच अर्धा भाग मी माझ्या बी.एड.च्या पेपरात लिहिला होता. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं आणि ग्रोथ माइंडसेट हा शब्द आमच्या कानावर आला नव्हता. तो नंतर आला, शिक्षक प्रशिक्षणांमधून. आता दोन्ही कल्पना जुळ्या बहिणींसारख्या एकाच स्लाइडवर येतात. वर 'व्हिज्युअल, ऑडिटरी, किनेस्थेटिक' असे तीन गोल, खाली 'मेंदू स्नायूसारखा असतो' आणि त्याखाली चहाची सुट्टी.

मी भाचीला फोन करून सांगितलं की या वाक्याचे दोन तुकडे कर. दोन्ही गोष्टींमागचा पुरावा सारखा नाही. एकीच्या मागे पुरावा नाहीच. दुसरीच्या मागे आहे, पण स्लाइडवर दाखवतात त्यापेक्षा फार कमी. 'काहीच नाही' आणि 'थोडंसं' यांतला फरक शिक्षकाला कळला पाहिजे, कारण त्यावर आपण मुलाचा वेळ खर्च करत असतो. तिनं विचारलं, "पण पुस्तकात तर दोन्ही आहेत." पुस्तकात आहेत हे खरंच आहे. म्हणून हा लेख.

आधी माझ्या वहीबद्दल सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी उर्दू माध्यमाच्या शाळेत पाचवीला मराठी शिकवत होते. एका प्रशिक्षणात आम्हाला एक प्रश्नावली मिळाली होती. नवीन पत्ता कसा लक्षात ठेवता, मोकळ्या वेळात काय करायला आवडतं, असे प्रश्न. मी ती सगळ्या वर्गाकडून भरून घेतली आणि हजेरीच्या वहीत नावांपुढे एक जादा रकाना आखला. पाहून शिकणाऱ्यांना हिरवी खूण, ऐकून शिकणाऱ्यांना निळी, हातानं करून शिकणाऱ्यांना लाल. फार अभिमान होता मला त्या रकान्याचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो बघून शाबासकीही दिली होती.

त्या वर्गात एका मुलीच्या नावापुढे निळी खूण होती. कविता एकदा ऐकली की तिची पाठ. मी तिला निळ्या खुणेप्रमाणे शिकवलं. धडा वाचून दाखवायचा, प्रश्न तोंडी विचारायचे, उत्तरं तोंडी घ्यायची. ती खूश, मी खूश. वर्षाअखेरीस तिच्या अम्मी शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "टीचर, बच्ची पूरी किताब सुनाती है, लेकिन दुकान का बोर्ड नहीं पढ़ सकती." मी मुलीला पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक छोटा उतारा दिला. तिला वाचता आला नाही. 'शिक्षण' हा शब्द ती 'शक्षण' वाचत होती आणि 'गुलाब' या ओळखीच्या शब्दावर अंदाजानं उडी मारत होती.

उर्दू शिकवणाऱ्यांना यामागचं कारण लगेच कळेल. उर्दू लिहिताना जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. शब्द ओळखीचा असतो, म्हणून मूल ऱ्हस्व स्वर मनानं भरून घेतं. देवनागरीत प्रत्येक मात्रा लिहिलेली असते, आणि घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेचा शब्द असेल तर मनानं भरायला काही नसतं. ती मात्रा डोळ्यानं टिपावीच लागते. त्यातही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. हे शिकायला त्या मुलीला डोळ्यांचा सराव हवा होता आणि मी वर्षभर तिला कानानं खाऊ घालत राहिले. तिची 'श्राव्य शैली' म्हणजे खरं तर तिची न वाचता येण्यातून काढलेली पळवाट होती. मी त्या पळवाटेला निळी खूण करून मान्यता दिली.

आता कोणी म्हणेल, एका मुलीवरून सिद्धांत खोटा ठरत नाही. बरोबर आहे. माझ्या चुकीनं काहीच सिद्ध होत नाही. म्हणून चाचणी कशी घ्यायची ते बघू.

अध्ययन शैलीचं म्हणणं नेमकं काय आहे? मुलांच्या आवडी वेगळ्या असतात एवढंच नाही. ते कोणीच नाकारत नाही. म्हणणं असं की मुलाच्या शैलीला जुळणाऱ्या पद्धतीनं शिकवलं तर ते जास्त शिकतं. 2008 साली हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला : हे खरं असेल, तर प्रयोगात काय दिसायला हवं? त्यांचं उत्तर मी माझ्या वर्गावरून सांगते.

समजा वर्गात चाळीस मुलं आहेत. प्रश्नावलीनुसार वीस 'डोळेवाली' आणि वीस 'कानवाली'. आता डोळेवाल्या वीसांच्या चिठ्ठ्या टाकून दोन भाग करायचे. दहांना धडा वाचायला द्यायचा, दहांना ऐकवायचा. कानवाल्या वीसांचंही तसंच. म्हणजे चार गट झाले. चौघांचा धडा एकच, आणि शेवटी परीक्षाही सगळ्यांना एकच. शैलीचा सिद्धांत खरा असेल तर डोळेवाल्यांना वाचून जास्त गुण पडले पाहिजेत आणि कानवाल्यांना ऐकून. काल्पनिक आकडे घेऊ. डोळेवाल्यांना वाचून वीसपैकी चौदा आणि ऐकून अकरा. कानवाल्यांना वाचून दहा आणि ऐकून तेरा. हे आकडे आलेखावर मांडले तर दोन रेषा एकमेकींना छेदतील. अशी फुली दिसली तर सिद्धांताला आधार आहे.

पण समजा कानवाल्यांनाही वाचून बारा आणि ऐकून नऊ मिळाले, तर? मग वाचणं दोघांनाही जास्त फायद्याचं ठरलं. शैली ओळखण्याची गरज उरली नाही, सगळ्यांना वाचायला द्या. आणि चिठ्ठ्या न टाकता, 'कानवाल्यांना ऐकवलं आणि त्यांची प्रगती झाली' एवढंच कोणी सांगत असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. त्यांना वाचायला दिलं असतं तर कदाचित जास्त प्रगती झाली असती. माझ्या निळ्या खुणेच्या मुलीचं तेच झालं होतं. मी दुसरी बाजू कधी तपासलीच नाही.

पॅशलर आणि मंडळींनी उपलब्ध संशोधन चाळलं तेव्हा अशा रचनेचे प्रयोगच फार थोडे सापडले, आणि नीट केलेल्यांपैकी बहुतेकांत फुली दिसत नव्हती. शैलींची वर्गीकरणं मात्र भरपूर होती. त्याच्या चार वर्षं आधी इंग्लंडमधल्या एका अभ्यासगटानं मोजली तेव्हा एकाहत्तर निघाली. आपल्या प्रशिक्षणांत येणारी तीन-चार प्रकारांची विभागणी ही त्यांतली फक्त एक. माझ्या मते शैलींचा जनक म्हणून हॉवर्ड गार्डनर यांचं नाव उत्तरपत्रिकेत टाकणं तर साफ चूक आहे. बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययन शैली नव्हे, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे.

पुढे बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी बरोबर ही रचना वापरली. 2015 मध्ये प्रौढांवर आणि 2020 मध्ये पाचवीच्या मुलांवर. ऐकण्याची पसंती आणि वाचण्याची पसंती आधी मोजली, मग ऐकून किती समजतं आणि वाचून किती समजतं ते पाहिलं. पसंती जुळली म्हणून कोणाला जास्त समजलं नाही. मला हादरवलं ते दुसऱ्या एका निष्कर्षानं. पाचवीतली ज्या मुलांची पसंती वाचण्याकडे होती, त्यांना वाचून तर जास्त समजलंच, ऐकूनही जास्त समजलं. म्हणजे ज्यांना आपण 'कानवाली' म्हणतो ती मुलं कानानंही पुढे नव्हती. शैली शोधून तसं शिकवण्यात वेळ घालवणारे शिक्षक मुलांचं नुकसान करत असतील, असं त्या संशोधकांनीच लिहून ठेवलं आहे. ते वाक्य वाचताना मला माझी वही आठवली.

मग ही कल्पना एवढी खरी का वाटते? शिक्षकांची मतं विचारणारी अनेक देशांतली सर्वेक्षणं 2020 साली दोन संशोधकांनी एकत्र केली, तेव्हा दहापैकी जवळपास नऊ शिक्षक ती मानत होते. एका प्रयोगात याचं उत्तर सापडतं. लोकांना चित्रं आणि शब्द लक्षात ठेवायला दिले आणि मध्येच विचारलं, यातलं किती आठवेल असं वाटतं? चित्रांची आवड असणाऱ्यांना वाटलं चित्रं जास्त आठवतील, शब्दवाल्यांना वाटलं शब्द. प्रत्यक्षात आठवलं किती, याचा आवडीशी काही संबंध निघाला नाही. आवडीनं बदलतो तो आपल्याला शिकल्याचा होणारा भास. मुलाला भास होतो, शिक्षकाला मुलाचा खुललेला चेहरा दिसतो आणि दोघंही समाधानी घरी जातात.

यातून 'चित्रं दाखवू नका, कृती घेऊ नका' असा अर्थ कोणी काढू नये. नकाशा पाहूनच कळतो, 'ळ' आणि 'ल' यांतला फरक ऐकून आणि बोलूनच कळतो. उर्दूत 'ळ' नाही, त्यामुळे आमच्या मुलांना तो कान लावून शिकवावा लागतो. पण तो सगळ्याच मुलांना तसा शिकवावा लागतो. डोळा की कान, हे धड्यातला मुद्दा ठरवतो.

इथपर्यंत भाचीला पटलं. "मग ग्रोथ माइंडसेटही खोटाच ना?" तिनं विचारलं. इथे मी तिला थांबवलं. एक फुगा फुटला की सगळेच फोडावेत अशी हौस येते, ती मलाही आली होती. पण इथला हिशेब वेगळा आहे.

गोष्ट कॅरोल ड्वेक यांच्यापासून सुरू होते. क्लॉडिया म्युलर आणि त्यांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आकृत्यांची कोडी दिली. सोडवल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू खूप मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यात बहुतेक मुलं अडखळली. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा 'हुशार' म्हटलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली आणि 'मेहनती' म्हटलेल्यांची सुधारली. बुद्धी जन्मजात ठरलेली आहे असं मानणारं मूल अपयश आलं की स्वतःबद्दल निष्कर्ष काढतं, आणि बुद्धी वाढते असं मानणारं मूल अपयशानंतर पुन्हा प्रयत्न करतं, हा त्यामागचा विचार. 2006 साली ड्वेक यांचं लोकप्रिय पुस्तक आलं आणि ही कल्पना कोड्यांमधून उठून कंपन्या, खेळ, लग्न, सगळीकडे पोहोचली.

मूळ प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिला तर तसाच निघतो का? चीनमधल्या नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांवर दोन संशोधकांनी तो पुन्हा केला आणि 2019 मध्ये निकाल छापले. मूळ परिणामाला त्यांना फारसा आधार मिळाला नाही. इथे माझ्यासारखीचा विश्वास डळमळतो. पण त्याच वर्षी 'नेचर'मध्ये डेव्हिड येगर, ड्वेक आणि इतरांचा एक मोठा प्रयोग आला. पुराव्याचं वजन कसं करायचं ते शिकायला यासारखा दुसरा नमुना मला माहीत नाही, म्हणून त्यावर थोडी थांबते.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधून देशाचं प्रतिनिधित्व करतील अशा पासष्ट शाळा निवडल्या. नववीची बारा हजारांवर मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाला संगणकावर प्रत्येकी साधारण पंचवीस मिनिटांची दोन सत्रं, ज्यात मेंदू शिकण्यानं कसा बदलतो हे सांगून मुलांना त्यावर लिहायला लावलं. दुसऱ्या गटाला तेवढीच सत्रं, पण मेंदूच्या सामान्य माहितीची. माहिती गोळा करण्याचं काम बाहेरच्या संस्थेकडे होतं आणि काय मोजणार, कसं मोजणार, हे आधीच जाहीर केलेलं होतं. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढायची सोय त्यामुळे राहत नाही.

निकाल असा आला की आधीच मागे असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी चार गुणांच्या मापावर एक दशांशानं वाढली. हे किती? समजा मुलाला दहा विषय आहेत. त्यातल्या एका विषयात श्रेणी एका पायरीनं वर गेली, सी ची बी झाली, तर सरासरी एक दशांशानं वाढते. बाकी नऊ विषय होते तिथेच. 'मुलाचं आयुष्य बदलेल' म्हणणाऱ्या वक्त्याला हा आकडा दाखवला पाहिजे. पण तासाभराहून कमी वेळेच्या, जवळजवळ फुकट कामासाठी तो अगदीच टाकाऊही नाही. आणि फायदा सर्व मुलांना सारखा झाला नाही. ज्या शाळांत सोबतच्या मुलांमध्ये अवघड काम अंगावर घ्यायची पद्धत होती, तिथे तो जास्त दिसला.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. इंग्लंडमध्ये शंभरावर शाळांत प्रयोग झाला, त्यांतल्या काही शाळांत सहावीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी हाच विचार मुलांपर्यंत पोहोचवला. 2019 मध्ये अहवाल आला : भाषा आणि गणितात या मुलांची प्रगती इतरांपेक्षा जास्त नव्हती. तिथे एक अडचण मात्र आहे. तुलनेसाठी घेतलेल्या शाळांतल्या बऱ्याच शिक्षकांनाही ग्रोथ माइंडसेट आधीपासून माहीत होतं, त्यामुळे दोन गटांतलं अंतरच पुसट झालं असेल. अर्जेंटिनातल्या साल्टा प्रांतात दोनशे दोन शाळांमध्ये प्रयोग झाला, तिथेही हाती काही लागलं नाही. 2018 मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा सरासरी परिणाम जेमतेम निघाला. 2023 मध्ये तर एकाच नियतकालिकात दोन बेरजा आल्या. एकीनं म्हटलं, अभ्यास जितका चोख तितका परिणाम शून्याजवळ, आणि ज्या संशोधकांचे यात पैशाचे हितसंबंध आहेत त्यांचे निकाल चांगले येण्याची शक्यता जास्त. दुसरीनं म्हटलं, सरासरी काढणंच चुकीचं आहे, ज्या मुलांना गरज आहे त्यांच्याकडे पाहा, तिथे परिणाम दिसतो.

मी काही संख्याशास्त्रज्ञ नाही. पण दोन्ही बाजू वाचून माझं मत असं बनलं आहे की सर्व मुलांसाठी, सर्व शाळांत, असा दावा टिकत नाही. मागे पडलेल्या मुलांसाठी, योग्य वातावरणात, छोटा फायदा होऊ शकतो, हा दावा टिकतो. अध्ययन शैलीच्या बाबतीत मला अशी एकही जागा सापडली नाही जिथे उभं राहून 'निदान इथे तरी' असं म्हणता येईल. भाचीच्या निबंधात मला हवा होता तो फरक एवढाच.

'योग्य वातावरण' म्हणजे काय, याचं एक उत्तर येगर यांच्याच गटानं 2022 मध्ये दिलं. त्याच अमेरिकन मुलांच्या गणित शिक्षकांची मतं त्यांनी तपासली. ज्या शिक्षकाला स्वतःला वाटत होतं की मुलांची कुवत वाढू शकते, त्याच्या वर्गात मुलांचे गणिताचे गुण वाढले. ज्याला तसं वाटत नव्हतं, त्याच्या वर्गात मुलाला दिलेल्या त्या सत्रांचा काही उपयोग झाला नाही. मुलाच्या मनात बी पेरायचं आणि जमीन शिक्षकाच्या हाती, असा प्रकार. प्रशिक्षणात मात्र आम्हाला मुलांची मनोवृत्ती कशी बदलायची ते सांगतात, आमची कोणी विचारत नाही. स्टाफरूममध्ये 'ये लड़का तो गया' असं किती सहज म्हणतो आपण. मीही म्हटलं आहे.

माझ्याकडूनही इथे एक चूक झाली, आणि ती निळ्या खुणेच्या उलट टोकाची होती. काही वर्षांपूर्वी मी वर्गात 'अजून' हा शब्द मोठ्या अक्षरात लावला होता. 'मला येत नाही' म्हणायचं नाही, 'मला अजून येत नाही' म्हणायचं. सातवीतला एक मुलगा श्रुतलेखनात दर आठवड्याला नापास व्हायचा. मी म्हणायचे, "शाब्बास बेटा, मेहनत कर, येईल." आणि तो खरंच मेहनत करायचा. चुकलेला प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहून आणायचा. पुढच्या आठवड्यात नवीन शब्द, पुन्हा तेवढ्याच चुका.

शेवटी एका रविवारी मी त्याची वही घरी आणली आणि फक्त चुका एका कागदावर काढल्या. बहुतेक चुकांत 'र' होता. 'धर्म'चं 'ध्रम', 'वर्ग'चं 'व्रग', 'सूर्य'चा रफार भलत्याच अक्षरावर. त्याला र कुठे ऐकू येतो ते कळत होतं, पण अक्षरानंतर येणारा र पोटात जातो आणि अक्षराआधी येणारा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, हा नियम त्याला कोणी वेगळा काढून दाखवलाच नव्हता. दहा वेळा लिहिताना तो वरचा शब्द बघून नक्कल करायचा, त्यामुळे नियम कधी लागलाच नाही. मग आम्ही जोड्या केल्या : कर्म आणि क्रम, गर्व आणि ग्रह, वर्ग आणि व्रत. मी शब्द बोलायचा, त्यानं टाळी वाजवून सांगायचं, र आधी की नंतर, आणि मग न बघता लिहायचं. रोज दहा मिनिटं. महिन्याभरात र च्या चुका जवळपास थांबल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्र तशाच राहिल्या, कारण त्या मी अजून शिकवल्या नव्हत्या.

ड्वेक यांनी स्वतः 2015 साली हीच तक्रार केली होती. शिक्षक नुसत्या कष्टांचं कौतुक करतात, मूल शिकत नसलं तरी करतात, आणि त्यालाच ग्रोथ माइंडसेट म्हणतात. कष्टांबरोबर पद्धत बदलणं आणि मदत मागणं हेही त्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या भिंतीवरच्या 'अजून'मध्ये पुढे काय करायचं ते नव्हतं. त्या मुलाचा धीर टिकला तो कदाचित त्या शब्दामुळे टिकला असेल. पण रफार त्याला त्या शब्दानं शिकवला नाही.

आणि एक गोष्ट मनाला लागते ती इथेच बोलते. आमच्या शाळेत एकदा जवळजवळ वर्षभर गणिताला शिक्षक नव्हता. त्याच वर्षी मुलांसाठी 'यश तुमच्या मनोवृत्तीत आहे' असं व्याख्यान झालं. आठवीची मुलं गणितात मागे का, याचं उत्तर त्या दिवशी मुलांच्या मनात शोधलं गेलं, रिकाम्या खुर्चीत नाही. कल्पना थोडीफार खरी असली तरी ती कोणाच्या तोंडून, कोणाला आणि कशाऐवजी सांगितली जाते आहे, हे पाहावं लागतं. मागे पडलेल्या मुलाला मिळणारा तो एक दशांशाचा फायदाही वर्गात शिकवणारा कोणी असेल तरच मिळतो.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विद्यार्थ्याचा अस्सल प्रश्न विचारला. "खाला, हे लिहिलं आणि तपासणाऱ्यांनी पुस्तकातलं नाही म्हणून मार्क कापले तर?"

प्रश्न खोटा नाही. मी तिला सांगितलं की पुस्तकात काय आहे ते आधी प्रामाणिकपणे लिही, शैलींची नावं, कोणी मांडल्या ते सगळं. मग चार गटांचा तो प्रयोग स्वतःच्या शब्दांत मांड, आकृती काढ, छेदणाऱ्या रेषा दाखव आणि त्या कुठे सापडल्या नाहीत ते सांग. ग्रोथ माइंडसेटच्या भागात 'नेचर'चा प्रयोग आणि इंग्लंडचा प्रयोग शेजारी शेजारी ठेव. 'रुजवावा' हे क्रियापद काढून टाक आणि त्याऐवजी कोणत्या मुलांना, किती, ते लिही. तपासणारा वाचणारा असेल तर मार्क देईल. नसेल तर दोन-तीन जातील.

तिनं शेवटचं वाक्य खोडलं. नवीन निबंध गुरुवारी जमा झाला, मार्क अजून आलेले नाहीत. फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, "ती रंगीत खुणांची वही आहे का अजून? प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये फोटो लावते." आहे, कपाटात वरच्या फळीवर. फोटो पाठवताना मुलांची नावं मी पट्टीनं झाकली, नुसता रकाना ठेवला.